किती ट्रेड झाल्यावर विन रेटवर विश्वास ठेवायचा?

जुळेसोलापूर

मंडळी, नेमका प्रश्न आहे, नेमकं उत्तर हवंय.

निफ्टी आणि बँक निफ्टीत सकाळच्या पहिल्या पाऊण तासाची रेंज ज्या बाजूला तुटेल त्या बाजूचा ऑप्शन विकत घ्यायचा, एक लॉट, स्टॉपलॉस आधी ठरलेला, दुपारी तीनच्या आत बाहेर. एवढी एकच पद्धत करतो. प्रत्येक ट्रेड शीटमध्ये लिहितो. आजवर ४८ झाले. त्यातले २९ नफ्यात, म्हणजे ६० टक्के. नफ्याच्या ट्रेडची सरासरी १,८०० रुपये, तोट्याच्या ट्रेडची १,५००. सगळं मिळून २३,७०० रुपये वर आहे, म्हणजे एका ट्रेडमागे साधारण ४९४.

मित्र म्हणतो, आता दोन लॉट कर, सिस्टिम सिद्ध झाली. मला ते ‘सिद्ध’ पटत नाहीये. ४८ ट्रेडवरचे हे ६० टक्के आणि हे ४९४ रुपये खरे मानायचे का? नसतील तर १०० लागतील की ५००? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

नवीपेठ

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

पार्कचौक

३० पुरेत. इंजिनिअरिंगला गणितात शिकलोय. नमुना ३० च्या वर गेला की सरासरी नॉर्मल धरता येते. तुमचे ४८ आहेत, म्हणजे पासच. दोन लॉट करा बिनधास्त, पण स्टॉपलॉस पाळा.

कांदाआडत

माझं मत, दिवसाला दोनच्या वर ट्रेड करू नयेत. तिसरा ट्रेड हा रागातला असतो. यार्डात बघतो ना मी, जानेवारीत आवक फुटली की सकाळच्या लिलावात हात भाजलेला माणूस दुपारी डबल माल उचलतो आणि संध्याकाळी डोक्याला हात लावून बसतो.

जुळेसोलापूर

आडतशेठ, दिवसाला किती करावेत असं विचारलं नाही ओ मी. आजवर एकूण किती झाले म्हणजे शीटमधल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा, हे विचारतोय.

कांदाआडत

असं होय. मग मला नाही माहीत. पण दोनच्या वर करू नका.

नवीपेठ

आलो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला होता. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात. त्या ९३ जणांकडेही कधी ना कधी ४८ ट्रेडची हिरवीगार शीट असणारच. कुणाकडे ती टेलिग्रामवर टाकून क्लास काढण्याइतकी हिरवी असेल. त्यामुळे माझं उत्तर सोपं आहे : किती का ट्रेड होईनात, विश्वास ठेवू नका.

सांख्यिकीवाला

नवीपेठ, ९३ चा आकडा इथे कामाचा आहे, पण तुम्ही वापरला तसा नाही. जुळेसोलापूर यांची शीट उघडायच्या आधी माझा अंदाज काय असावा, ते तो सांगतो. शंभरात सात. त्या सातात हा माणूस आहे हे पटवायला शीटमध्ये जोर हवा. शीट कधीच पटवू शकणार नाही, असं त्यातून निघत नाही.

कॉलेजात बरीच वर्षं हा विषय शिकवला, म्हणून नाव असं घेतलंय. जुळेसोलापूर, उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. एक, सगळ्यात मोठे दोन नफे किती रुपयांचे? दोन, ४८ निकालांचं स्टँडर्ड डेव्हिएशन शीटमधून काढून सांगा. तीन, हे ४८ ट्रेड किती वेगवेगळ्या दिवशी झाले? चार, पहिल्या ट्रेडपासून आजपर्यंत नियम तेच आहेत का? आणि चार्जेस धरलेत का?

जुळेसोलापूर

सर, मोठे दोन नफे ७,४०० आणि ६,१००. दोन्ही निफ्टीतले, दोन वेगळ्या दिवशी. डेव्हिएशन २,१०० च्या आसपास येतंय. दिवस ३१, कारण बऱ्याचदा निफ्टी आणि बँक निफ्टी दोन्हींत एकाच सकाळी सिग्नल आला. नियम तेच, फक्त ३० व्या ट्रेडनंतर स्टॉप थोडा रुंद केला. चार्जेस धरलेले नाहीत. ब्रोकरेज, जीएसटी, एसटीटी सगळं मिळून खरेदी-विक्रीला साधारण ७० रुपये जातात.

पार्कचौक

सर काय एवढी उलटतपासणी घेताय ओ, कोर्टात उभं केलंय का त्याला? 😄

शेंगाचटणी

मी गूगल शीटमध्ये गंमत करून बघितली. नुसता रुपया उडवायचा, ४८ वेळा. छापा म्हणजे नफा. अशी १०० काल्पनिक माणसं केली. त्यातल्या दहा जणांना २९ किंवा जास्त छापे मिळाले. म्हणजे काहीही पद्धत नसताना दहा जणांचा विन रेट ६० टक्क्यांच्या वर! परत परत चालवलं, कधी आठ येतात, कधी बारा.

नवीपेठ

त्या दहा जणांचे फोन नंबर द्या, आपण सोलापुरात ॲडव्हायझरी काढू.

पार्कचौक

शेंगाचटणी ताई, तुमचा रुपया इथे चुकीचा आहे. याचा नफा १,८०० आणि तोटा १,५००. म्हणजे बरोबरीत सुटायला ५० टक्के लागतच नाहीत. १,५०० भागिले ३,३००, म्हणजे साडेपंचेचाळीस टक्के जिंकला तरी पैसे जात नाहीत. मग ४५.५ टक्के छापा पडणारा रुपया उडवा आणि सांगा किती जण २९ पर्यंत पोचतात.

शेंगाचटणी

बरोबर आहे तुमचं. तसा रुपया केला, आता शंभरात तीनच जण पोचतात.

पार्कचौक

बघा. तीन टक्के. म्हणजे नशिबाने होणं अवघड. ३० पुरेत म्हटलं होतं.

सांख्यिकीवाला

पार्कचौक, ४५.५ शी तुलना करायची हे तुमचं अगदी बरोबर. नुसता विन रेट कधीच काही सांगत नाही, तो नेहमी स्वतःच्या बरोबरीच्या रेषेशी ताडायचा. ती रेषा बहुतेक लोक विसरतात.

पण ती रेषा कशावर उभी आहे ते बघा. १,८०० ही सरासरी त्यांच्या शीटमधूनच आली, वरून दिलेली नाही. २९ नफ्यांची बेरीज ५२,२००. त्यात ७,४०० आणि ६,१०० हे दोनच ट्रेड १३,५०० देतात. उरलेल्या २७ नफ्यांची सरासरी १,४३३ येते, आणि तोटा १,५०० च. आता बरोबरीची रेषा ५१ टक्क्यांवर गेली. ४६ पैकी २७ म्हणजे ५९ टक्के, पण ५१ च्या रुपयानेही एवढं सहज होऊ शकतं. तुमचे तीन टक्के त्या दोन ट्रेडच्या जोरावर उभे होते.

म्हणून मी विन रेटऐवजी थेट रुपयांकडे बघतो. ४९४ मधून ७० चार्जेस काढा, ४२४ उरतात. विखुरलेपण २,१००. ४८ चं वर्गमूळ साधारण सात, म्हणजे सरासरीची स्वतःची डगमग ३०० रुपये. डगमगीच्या दुप्पट दोन्ही बाजूला धरली तर खरी सरासरी उणे १८० पासून अधिक १,०३० पर्यंत कुठेही असू शकते. शून्य त्या पट्ट्याच्या आत आहे. त्यामुळे आजच्या ४८ वर ‘पद्धतीत काही आहे’ असं मी म्हणणार नाही, ‘काही नाही’ असंही म्हणणार नाही.

३० चा नियम काय सांगतो? नमुना बराच मोठा झाला की सरासरीच्या डगमगीचा आकार घंटेसारखा होतो, एवढंच. ती घंटा किती रुंद आहे याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. आणि निकाल एका बाजूला लांब शेपटीचे असतील तर ३० वर घंटाही नीट होत नाही.

जुळेसोलापूर

सर, एक हरकत. मोठे दोन ट्रेड काढायचे कशाला? ऑप्शन खरेदीत हाच तर धंदा आहे. दहा-बारा वेळा किरकोळ, मग एखादा मोठा. मोठेच काढून टाकले तर कुणाचीही ब्रेकआऊट पद्धत मरेल.

सांख्यिकीवाला

हरकत मान्य. ते काढून टाका असं म्हणतच नाही, पैसे खरे आहेत तुमचे. मला एवढंच दाखवायचं होतं की निकालाचा अर्ध्याहून जास्त भार दोन ओळींवर आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नापुरता तुमच्याकडे ४८ चा नमुना नाही, मोठ्या ट्रेडचा दोनचा नमुना आहे. असे मोठे ट्रेड २४ मागे एक येतात की ६० मागे एक, हे दोन उदाहरणांवरून कोण सांगणार? विन रेट लवकर स्थिरावतो. नफ्याची सरासरी फार उशिरा स्थिरावते, आणि एक्स्पेक्टन्सी तिच्यावर लटकलेली असते.

आता मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर. खरी सरासरी समजा ४२४ च आहे. तर ती शून्यापासून वेगळी दिसायला विखुरलेपणाची दुप्पट भागिले सरासरी, त्याचा वर्ग. ४,२०० भागिले ४२४, वर्ग ९८. म्हणजे सुमारे १०० ट्रेड. पण १०० वर थांबलात तर पद्धत खरी असूनही निम्म्या वेळा ती दिसणार नाही, कारण तुमची सरासरी त्या खऱ्या आकड्याच्या खाली पडायची शक्यता निम्मी आहे. पाचात चार वेळा दिसावी असं हवं असेल तर २०० लागतील. आणि खरी सरासरी निम्मीच, म्हणजे २१२ असेल, तर चौपट, पावणेआठशे. शीटमधली सुरुवातीची सरासरी बहुतेक वेळा फुगलेली असते, कारण वाईट सुरुवात झालेले लोक धागा काढायला थांबत नाहीत, पद्धत बदलतात.

नवीपेठ

शेवटचं वाक्य लॅमिनेट करून लावतो.

शेंगाचटणी

सर, घंटा होत नाही म्हणालात ना, मग सूत्राशिवाय एक मार्ग आहे. आमच्या लॅबमध्ये वापरतात. तुमचेच ४८ निकाल एका टोपीत टाकायचे, एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, चिठ्ठी परत टोपीत टाकायची. असं ४८ वेळा, मग सरासरी. हे दहा हजार वेळा करायचं. जुळेसोलापूर, `r` मध्ये तुमचे चार्जेस वजा केलेले निकाल टाका :

```python
import random
r = [1200, -1500, 7330, -980]   # पूर्ण यादी टाका
n = len(r)
m = sorted(sum(random.choices(r, k=n)) / n
           for _ in range(10000))
print(m[250], m[9749])
```

शेवटी जे दोन आकडे येतील, त्यांच्या मधे तुमची सरासरी असायची बरीच शक्यता.

सांख्यिकीवाला

छान. एक इशारा मात्र. टोपीत जे नाही ते बाहेर येणार नाही. शीटमध्ये अजून न आलेला मोठा तोटा या पद्धतीला कधीच दिसत नाही.

होटगीरोड

याच वाक्यावर माझी एंट्री. मी विकणाऱ्यांतला. निफ्टीचा साप्ताहिक स्ट्रँगल, चार लॉट. ८६ आठवड्यांची नोंद आहे. ७८ हिरवे, म्हणजे ९० टक्क्यांच्या वर. हिरव्याची सरासरी २,१००. सात साधे तोटे, सरासरी ५,०००. आणि एक ४ जून २०२४ चा आठवडा, ६१,०००. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर निफ्टी ३ टक्क्यांच्या वर चढला, कॉलवाल्यांची भंबेरी उडाली. दुसऱ्या दिवशी निकाल, आणि बंद भाव जवळपास ६ टक्के खाली. मधे दिवसभरात त्याहून खोल गेला होता.

तरी एकूण ६७,८०० नफ्यात आहे. तो एक आठवडाही शीटमध्ये आहे, लपवलेला नाही. ८६ नोंदी, वाईटात वाईट दिवस धरून. माझा आकडा तरी विश्वासाचा म्हणाल की नाही?

पार्कचौक

हा तर पक्काच. ९० टक्के विन रेट आणि वर मोठा फटका खाऊनही नफा.

सांख्यिकीवाला

होटगीरोड, तुमच्या ८५ आठवड्यांवर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे. आठवड्याला साधारण १,५१५ रुपये, निकाल एकमेकांच्या जवळ. प्रश्न ८६ व्या ओळीचा आहे.

उलटं विचारू. ६१,००० चा फटका किती आठवड्यांनी एकदा आला तर तुमचा धंदा शून्यावर येतो? १,५१५ ने ६१,००० भरायला ४० आठवडे. म्हणजे ४१ आठवड्यांत एकदा आला की हाती काही उरत नाही. तुम्हाला ८६ मध्ये एकदा आला, म्हणून नफा दिसतो. आता समजा खरं प्रमाण ४१ मध्ये एक हेच आहे, पद्धतीत दमडीचा फायदा नाही. अशा पद्धतीने ८६ आठवडे काढले तर फटका एकदाच बसायची किंवा एकदाही न बसायची शक्यता किती? ३८ टक्के येते. शंभर बिनफायद्याच्या विक्रेत्यांपैकी ३८ जणांकडे तुमच्यासारखी किंवा तुमच्याहून देखणी शीट असेल. बारा जणांच्या शीटमध्ये तर फटकाच नसेल, आणि ते तुम्हाला शिस्त शिकवायला येतील.

तुमच्या शीटमध्ये ८६ ओळी आहेत, पण निर्णय करणारी ओळ एक आहे.

शेंगाचटणी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल तपासते मी, आमच्याकडे अगदी हेच. टॉवेलचं वजन बरोबर आहे का हे बघायला लॉटमधले थोडे नग तोलले तरी पुरतं, कारण प्रत्येक नग सरासरीच्या आसपासच असतो. पण शेकड्यात एखाद्याला असणारा विणकामाचा दोष पाच-पंचवीस नगांत दिसतच नाही, आणि परदेशातला गिऱ्हाईक लॉट परत पाठवतो तो त्या दोषापायी. म्हणून ‘किती नग तपासायचे’ असं कुणी विचारलं की आधी ‘काय शोधायला’ असं विचारावं लागतं.

कांदाआडत

सोलापुरात कुठलीही चर्चा टॉवेलवर येतेच. आता चादर यायची बाकी आहे.

नवीपेठ

आणि तुमच्या नावात चटणी आहेच. भाकरी कोण आणतंय?

होटगीरोड

सर, हिशोब समजला, पण एक गोष्ट तुम्ही धरत नाही. ४ जून हा आकाशातून पडलेला दिवस नव्हता. मतमोजणीची तारीख सगळ्यांना माहीत होती, प्रीमियम आधीपासून फुगलेले होते. आता निवडणूक निकाल, बजेट अशा आठवड्यात मी विकतच नाही. मग तो फटका माझ्या नव्या पद्धतीत मोजायचा कशाला?

सांख्यिकीवाला

कारण तो नियम फटक्यानंतर आला. बाकीचे ८५ आठवडे त्या नियमाखाली झालेले नाहीत. त्यातले बजेट आठवडे काढलेत का? त्यांतले नफेही सोडावे लागतील. आणि मार्च २०२० चं काय? २३ मार्चला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला, त्याची तारीख कॅलेंडरवर नव्हती.

होटगीरोड

बजेटचे काढतो. पण मला पटलेलं नाही. धोका कशातून येतो हे माहीत असताना नुसत्या मोजदादीवर बसायचं, हे मास्तरांचं काम. व्यापारी कारण बघतो.

सांख्यिकीवाला

कारण बघाच. फक्त नव्या नियमाची मोजणी एकपासून सुरू करा. जुन्या नफ्यावर नवं कारण लावू नका.

पार्कचौक

होटगीरोडशी सहमत. सगळंच मोजून ठरलं असतं तर स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक अंबानी झाले असते.

सांख्यिकीवाला

पेन्शनवर आहे बाबा मी. मुद्दा नोंदवला. 😄

अशोकचौक

उशिरा आलो. मला ‘किती’ पेक्षा ‘कधीच्या’ हा प्रश्न जास्त जाचतो. माझ्याकडे बँक निफ्टी साप्ताहिक एक्स्पायरीच्या दिवसाचे ३०० च्या वर ट्रेड नोंदवलेले आहेत. सरांच्या हिशोबानेही पुरेसे, पट्टा शून्याच्या बऱ्याच वर. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरीच बंद झाली. पुरावा तयार झाला तोवर खटलाच निकालात निघाला.

त्याच सुमाराला ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी वाढून ०.१ टक्का झाला, निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ वर गेला. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारी आली. आठशे ट्रेड जमवायला मला तीन-चार वर्षं लागतील. तेवढ्यात बाजार चार वेळा कूस बदलतो. मग या आठशेचा उपयोग काय?

नवीपेठ

म्हणूनच पहिल्या दिवशी म्हटलं, किती का होईनात.

सांख्यिकीवाला

अशोकचौक, याला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. कुठला बदल मोजणी मोडतो आणि कुठला नाही, हे बघावं लागतं. लॉट बदलला तर निकाल रुपयांऐवजी पॉइंटमध्ये किंवा स्टॉपच्या पटीत लिहा, जुन्या ओळी चालतात. एसटीटी वाढला तर जुन्या ओळींतून नवा कर वजा करून बघा, चालतात. एक्स्पायरीचा वार बदलला तर जुळेसोलापूर यांच्या सकाळच्या ब्रेकआऊटला फारसा फरक पडू नये, पण तुमच्या एक्स्पायरीच्या दिवसाच्या पद्धतीला पडेल. बँक निफ्टीचा तुमचा प्रकार तर मेलाच. तो पुरावा निफ्टीवर लावता येतो का, यावर दोन माणसं दोन मतं देतील.

अशोकचौक

मी लावतोय, निम्म्या आकाराने. बघू.

जुळेसोलापूर

मंडळी, दोन रात्री शीट घेऊन बसलो, अपडेट देतो.

दिवसाप्रमाणे बेरीज केली. निफ्टी आणि बँक निफ्टी एकाच सकाळी तुटतात तेव्हा दोन्ही जिंकतात नाहीतर दोन्ही मरतात. त्या दोन ओळी म्हणजे एकच पैज आहे. ३१ दिवस धरले तर दिवसाला सरासरी ७६५ आणि विखुरलेपण ३,१००. चार्जेस न धरताच पट्टा उणे ३५० ते १,८८० च्या आसपास येतो, आधीपेक्षा रुंद. शेंगाचटणी ताईंचा कोड दिवसांच्या बेरजेवर चालवला, खालचा आकडा तिथेही शून्याच्या खालीच.

स्टॉप रुंद केल्यानंतरचे ट्रेड फक्त १८ आहेत. म्हणजे आजच्या नियमांचा पुरावा १८ ओळींचा. मित्राला हे दाखवलं तर म्हणाला, लई विचार करालास बे. एकच लॉट ठेवतोय.

आता पुढचा प्रश्न. आठवड्याला तीन-चार ट्रेड होतात. २०० ला वर्ष जाईल. जुन्या डेटावर बॅकटेस्ट करून ओळी वाढवल्या तर त्या मोजायच्या का?

पार्कचौक

मोजा की. पाच वर्षांचा डेटा घ्या, एका दिवसात हजार ओळी.

शेंगाचटणी

ऑप्शनचे जुने मिनिटाचे भाव बऱ्याचदा शेवटच्या सौद्याचे असतात. त्या क्षणी घेणारा-विकणारा यांच्यात किती अंतर होतं ते त्यात दिसत नाही. ब्रेकआऊटच्या मिनिटाला ते अंतर वाढलेलं असतं, म्हणजे तुम्हाला मिळणारा भाव डेटातल्या भावापेक्षा वाईट.

सांख्यिकीवाला

म्हणून बॅकटेस्टला एकच प्रश्न विचारा. रेंज तुटल्यावर निर्देशांक त्याच दिशेला किती पॉइंट जातो? तो प्रश्न निफ्टीच्या स्वतःच्या भावांवर विचारता येतो, तिथे हजार ओळी खऱ्या आहेत. पॉइंटचे रुपये किती होतात, हे मात्र तुमच्या खऱ्या ट्रेडवरूनच ठरवा. आणि पाऊण तासाऐवजी अर्धा तास, एक तास, सव्वा तास असं सगळं चालवून सगळ्यात चांगलं निवडू नका. वीस वेगळ्या रेंज तपासल्या तर काहीही नसताना एखादी पट्ट्याबाहेर दिसायची बरीच शक्यता. पाऊण तास आधीच ठरलाय, तोच चालवा, एकदाच.

जुळेसोलापूर

चालेल. आणि मार्च २०२० चे दिवस ठेवू की काढू? त्या महिन्यात रेंज इतक्या मोठ्या होत्या की एकेक दिवस नेहमीच्या पंधरा दिवसांएवढा भरेल. ते ठेवले तर सगळी सरासरी त्यांचीच होईल.

होटगीरोड

काढा. तसा महिना परत येईल तेव्हा तुम्ही घाबरून ट्रेडच करणार नाही.

सांख्यिकीवाला

ठेवा, पण प्रत्येक दिवसाचा निकाल त्या दिवशीच्या रेंजने भागून लिहा. मग मार्च २०२० चा दिवसही एका दिवसाएवढाच भरेल. त्यानंतर एकदा ठेवून आणि एकदा काढून, दोन्ही आकडे इथे टाका. फरक फार आला तर होटगीरोड यांच्याशी परत भांडू.

होटगीरोड

तयार आहे. तोवर माझे बजेटचे आठवडे काढून किती उरतात ते टाकतो.

कांदाआडत

सगळं वाचलं. दिवसाला दोन सिग्नल म्हणजे एकच पैज, असं निघालं ना शेवटी? मग मी म्हटलं होतं त्याहून एक कमीच झाला.